आजींना पडताळता येईल असं लिहा: छोट्या सेंद्रिय शेतीचं ध्येयवाक्य आणि जाहीरनामा

शनिवारी सकाळी साडेसातला गोरेगावच्या एका सोसायटीच्या गेटवर मी भाजीच्या पिशव्या वाटत उभी होते. शेत माझ्या मावसबहिणीचं, वाडा तालुक्यातलं, तीन एकरांचं. पिशवीत घातलेली चिठ्ठी मी लिहिलेली होती: ‘शंभर टक्के विषमुक्त, निसर्गाच्या सान्निध्यात पिकवलेली ताजी भाजी.’ एका आजींनी चिठ्ठी वाचली, भेंडी मोडून पाहिली आणि विचारलं, “बी कुठलं गं? दुकानातलं बी गुलाबी असतं, त्याला औषध चोपडलेलं असतं. आम्ही गावाला पेरलंय तसलं.”

बी दुकानातलंच होतं आणि गुलाबीच होतं. बुरशी लागू नये म्हणून कंपन्या त्याला बुरशीनाशक लावतात आणि ते ओळखू यावं म्हणून रंग देतात. भेंडी उत्तम होती. पण ‘शंभर टक्के’ हे शब्द खरे नव्हते आणि ते माझे होते.

त्यानंतर त्या शेतासाठी ध्येयवाक्य आणि जाहीरनामा नव्यानं लिहायला आम्हाला दोन महिने लागले. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमानं मांडते. नियम एकच धरला: जे वाक्य त्या आजींना पडताळून पाहता येईल, तेच कागदावर ठेवायचं.

आधी दोन कागद वेगळे ओळखू. ध्येयवाक्य म्हणजे दोन-तीन वाक्यांत आपण काय करतो, कुठे करतो, कुणासाठी करतो आणि कशासाठी करतो. ते वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही. जाहीरनामा म्हणजे रोजच्या कामातल्या शब्द दिलेल्या गोष्टी: काय घालतो, काय घालत नाही, आणि चुकलं तर काय करतो. तो एका पानात मावावा आणि त्याच्यावर तारीख असावी, कारण शेत बदललं की तो बदलावा लागतो.

पहिली पायरी: शब्द नको, वही आणा

लिहायला बसण्याआधी मी दोन दिवस वाड्याला जाऊन राहिले. हातात वही होती आणि तिच्यात एकही विशेषण लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काय केलं, किती केलं, कधी केलं, कुणी केलं, एवढंच.

सर्वांत जास्त माहिती एका प्रश्नातून मिळाली: ‘गेल्या वर्षभरात कृषी सेवा केंद्रातून काय काय आणलं?’ बिलं एका डब्यात होती. भेंडी आणि मिरचीचं बी, चिकट सापळे, निंबोळी पावडर, ठिबकच्या नळ्या. रासायनिक खताचं शेवटचं बिल २०२२ च्या जूनमधलं, युरियाच्या दोन गोण्यांचं. ‘तुम्ही सेंद्रिय शेती कधीपासून करता?’ असं विचारलं असतं तर ‘झाली की तीन-चार वर्षं’ असं उत्तर आलं असतं. बिलानं नेमका महिना दिला.

दुसरा उपयोगी प्रश्न होता, ‘तुम्ही काय करायला नकार देता?’ बहिणीचा नवरा म्हणाला, “ताई, पावसाळ्यात गिऱ्हाईक टोमॅटो मागतं. मार्केटातून आणून आमच्या पिशवीत घालणं सोपं आहे. पण मी नाही आणत.” हे वाक्य मी तसंच उतरवून घेतलं. शेतकरी ज्या गोष्टीला नकार देतो, तिच्यामुळे त्याचं पैशाचं नुकसान झालेलं असतं. म्हणून त्या गोष्टीवर गिऱ्हाइकाचा चटकन विश्वास बसतो.

वहीत साठ-सत्तर नोंदी झाल्या. जीवामृताचं प्रमाणही त्यात होतं: एकरी दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे सगळं जाहीरनाम्यात घालायचा मोह होतो. घालू नका. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला ‘जीवामृत घालतो’ एवढं पुरतं. ज्याला प्रमाण हवंय त्याला वही दाखवा. वही आहे हे मात्र जाहीरनाम्यात जरूर सांगा.

दुसरी पायरी: दाखवता येतं का?

मग प्रत्येक नोंदीपुढे मी एक खूण केली. गिऱ्हाईक शेतावर आलं तर हे त्याला दाखवता येईल का? बिल, वही, विहीर, बांध, सापळा, काहीही चालेल. दाखवता येत असेल तर बरोबरची खूण. खरं आहे पण दाखवता येत नाही, तर प्रश्नचिन्ह. नुसती इच्छा असेल तर काट.

‘आमच्या भाजीत जीवनसत्त्वं जास्त असतात’ याला काट बसली. मोजलेलीच नाहीत. ‘आमच्या मातीत गांडुळं वाढली’ याला बरोबरची खूण, कारण फावडं मारलं की दिसतात. ‘भाजीत रसायनाचा अंशही नाही’ इथे आम्ही बराच वेळ अडलो.

वाड्याकडची भातखाचरं उतारावर असतात. जुलैत वरच्या खाचराचं पाणी बांध फोडून खालच्या खाचरात येतं. बहिणीच्या शेताच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांचा भात आहे, त्यात युरिया पडतो आणि करपा आला की फवारणीही होते. तिनं वरच्या बांधालगत चर खणून पाणी बाजूला काढलंय, बांधावर गिरिपुष्पाची दाट रांग लावली आहे. तरी फवारणीचा तुषार वाऱ्यानं येणार नाही याची हमी कोण देणार? प्रयोगशाळेत नमुना तपासता येतो, पण एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात आणि तो अहवाल त्या दिवशीच्या त्या नमुन्यापुरताच बोलतो. म्हणून ‘अंशही नाही’ हे वाक्य आम्ही सोडून दिलं. त्याच्या जागी जे आलं ते पुढे दिलंय, आणि माझ्या मते अख्ख्या जाहीरनाम्यात तेच सर्वांत चांगलं वाक्य आहे.

तिसरी पायरी: ‘सेंद्रिय’ हा शब्द तोलून वापरा

हा शब्द आता कायद्याच्या कक्षेत आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत. त्यानुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकायच्या मालाला दोनपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसरी पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं चिन्ह लावता येत नाही.

शिवाय रसायनं थांबवली म्हणजे दुसऱ्या दिवशी जमीन सेंद्रिय होत नाही. हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण दोन वर्षं आणि फळझाडांना तीन वर्षं रूपांतराचा काळ मानला जातो. या काळात पीजीएस गटातल्या शेतकऱ्याला ‘पीजीएस-ग्रीन’ मिळतं, पुढे ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. आम्ही लिहीत होतो तेव्हा बहिणीचं गटातलं दुसरं वर्ष चालू होतं. तेच आम्ही लिहिलं.

‘निसर्गस्नेही’, ‘हरित’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्दही जपून वापरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. असा दावा केला तर त्याला पुरावा आणि खुलासा जोडावा लागतो. आणि आपली भाजी खाल्ल्यानं अमुक आजार बरा होतो, हे तर कुठेही लिहायचं नाही.

दोन शब्दांबद्दल माझं ठाम मत आहे. ‘विषमुक्त’ मी आता वापरत नाही. शेतकरी ज्या बाटलीला ‘औषध’ म्हणतो, शहरातलं गिऱ्हाईक तिलाच ‘विष’ म्हणतं, आणि ‘विषमुक्त’ लिहिलं की शेजारचा शेतकरी विष विकतो असा अर्थ निघतो. तो शेजारी रात्री-अपरात्री आपली मोटर दुरुस्त करायला येतो. ‘रासायनिक कीटकनाशक फवारत नाही’ एवढं म्हणणं अचूक आहे आणि कुणाला लागत नाही. दुसरा शब्द ‘गावठी’. मुंबईत कोथिंबिरीपासून अंड्यांपर्यंत सगळंच गावठी म्हणून विकलं जातं. बी संकरित असेल तर भाजी गावातली असली तरी गावठी नाही. जिथे स्वतः राखलेलं देशी बी आहे तिथेच तो शब्द लावा.

चौथी पायरी: ध्येयवाक्य

माझा पहिला मसुदा असा होता:

‘निसर्गाशी नातं जपत, शाश्वत शेतीच्या माध्यमातून मुंबईकरांना आरोग्यदायी व दर्जेदार अन्न उपलब्ध करून देण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’

याची परीक्षा सोपी आहे. शेताचं नाव काढा आणि तिथे दुसऱ्या कुणाचंही नाव घाला: तांदळाची गिरणी, दुधाची डेअरी, सुक्या मेव्याचं दुकान. वाक्य तसंच चालतं, म्हणजे ते आपलं नाही. दुसरा दोष खास मराठीतला आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की वाचणारा पंधरा-सोळा शब्द हातात धरून क्रियापदाची वाट पाहतो, आणि शेवटी त्याला मिळतं ‘कटिबद्ध आहोत’. कुणी काही केलेलंच नाही. ‘पिकवतो’, ‘तोडतो’, ‘पोचवतो’ ही कामाची क्रियापदं. ‘उपलब्ध करून देणे’, ‘माध्यमातून’, ‘करण्यात येते’ हे सरकारी परिपत्रकाचे शब्द दिसले की खोडा.

दुसरा मसुदा: ‘आम्ही मुंबईकरांसाठी सेंद्रिय भाजी पिकवतो.’ छोटा झाला, पण रिकामाच राहिला. नुसतं आखूड केल्यानं वाक्य ठोस होत नाही. कुठे, किती, कुणासाठी, हे अजून नव्हतंच.

तिसरा: ‘वाडा तालुक्यातल्या तीन एकरांत आम्ही रासायनिक खत आणि कीटकनाशकाशिवाय हंगामाची भाजी पिकवतो. ती गोरेगाव ते दादरमधल्या साठ घरांना आठवड्यातून एकदा स्वतः पोचवतो.’ आता हे दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही. तीन एकर मोजता येतात, साठ घरं मोजता येतात. पण यात ‘कशासाठी’ नव्हतं, आणि ते नसेल तर ध्येयवाक्य नुसती जाहिरात होते.

‘कशासाठी’ हे विचारून मिळत नाही. ‘तुमचं ध्येय काय?’ असं विचारलं की माणूस व्यासपीठावरचं बोलतो. बहिणीच्या नवऱ्यानंही आधी मातीचं आरोग्य, पुढची पिढी वगैरे सांगितलं. संध्याकाळी विहिरीवर मोटर बंद करताना मात्र तो सहज म्हणाला, “या रस्त्याला डाव्या हाताच्या सगळ्या जमिनी गेल्या. फार्महाऊस झाले. आपली विकायची नाही म्हणून तर चाललंय हे सगळं.”

हेच ते कारण. बहिणीला शंका होती, गिऱ्हाइकाला आपल्या जमिनीचं काय? मला मात्र वाटलं, दर आठवड्याला आपल्या पैशानं काय टिकून राहतंय हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं. शेवटी ठरलेलं ध्येयवाक्य असं:

‘वाडा तालुक्यातल्या आमच्या तीन एकरांत आम्ही रासायनिक खत आणि कीटकनाशकाशिवाय हंगामाची भाजी पिकवतो. ती मुंबईतल्या साठ घरांना स्वतः पोचवतो. ही जमीन विकायची वेळ येऊ नये, एवढी कमाई तिच्यातूनच व्हावी, यासाठी हे काम आहे.’

‘गोरेगाव ते दादर’ आम्ही मुद्दाम काढलं, कारण मार्ग बदलू शकतो. ‘साठ’ ठेवलं, कारण तीन एकरांतून आठवड्याला साठ पिशव्याच नीट भरतात. आकडा मर्यादेचा असेल तर ध्येयवाक्यात शोभतो. नुसत्या आजच्या परिस्थितीचा असेल तर तो जाहीरनाम्यात जाऊ द्या.

पाचवी पायरी: जाहीरनामा

इथे मराठीची दोन हत्यारं नीट वापरावी लागतात.

पहिलं सर्वनाम. ‘आपण’ हा शब्द जाहीरनाम्यात टाळा. ‘आपण रसायनं वापरत नाही’ यात आपण म्हणजे शेतकरी, की शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघं, की आदरानं तुम्ही? शब्द देणारा आणि घेणारा वेगळे दिसले पाहिजेत. आम्ही आणि तुम्ही, बस.

दुसरं काळ. ‘फवारत नाही’ ही सवय झाली. ‘फवारलेलं नाही’ ही नोंद झाली, तिला तारीख लागते. ‘फवारणार नाही’ हे वचन झालं, ते पुढे बांधून ठेवतं. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, म्हणून प्रत्येक वाक्याला आपल्याला यातलं काय म्हणायचंय ते ठरवा. वहीत ज्याचा पुरावा आहे तिथे नोंदीचा काळ. रोजचं काम तिथे सवयीचा. भविष्यकाळ फार थोड्या ठिकाणी, जिथे खरंच अंगावर घ्यायची तयारी आहे तिथेच. आणि ‘प्रयत्न करतो’ कुठेच नको. करत असाल तर ‘करतो’ लिहा, नसाल तर वाक्य काढा.

लांबी मी अशी ठरवली: एका वाक्यात साधारण दहा-बारा शब्द आणि एकच गोष्ट. ‘आणि’ आला की तिथे थांबून पाहायचं, दोन वाक्यं होतात का. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. लोकलच्या गर्दीत वाचणारा त्याच्या पुढे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून सर्वांत जड वाक्य पहिलं ठेवलं.

हा आमचा जाहीरनामा, जसा छापला तसा:

*शेवटचं रासायनिक खत आम्ही जून २०२२ मध्ये टाकलं. त्यानंतर टाकलेलं नाही.*

*आमची जमीन अजून सेंद्रिय प्रमाणित नाही. पीजीएस गटात आमचं दुसरं वर्ष चालू आहे.*

*खत म्हणून शेणखत, कंपोस्ट आणि जीवामृत घालतो.*

*कीड आली तर चिकट सापळे लावतो, निंबोळी अर्क फवारतो. तेवढ्यानं भागलं नाही तर तो वाफा सोडून देतो.*

*भेंडी आणि मिरचीचं बी विकतचं आहे. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. बिनप्रक्रियेचं बी आम्ही शोधतो आहोत.*

*वरच्या शेतात रासायनिक फवारणी होते. त्या बांधालगतच्या चार ओळी आम्ही तुम्हाला विकत नाही.*

*पावसाळ्यात आमच्याकडे टोमॅटो आणि फ्लॉवर नसतो. दुसऱ्याचा आणून देणार नाही.*

*पालेभाजी आदल्या संध्याकाळी तोडतो. सकाळी आठच्या आत ती तुमच्या गेटवर असते.*

*मे महिन्यात विहीर तळाला जाते. तेव्हा पिशवी हलकी येते आणि पैसेही कमी घेतो.*

*तोडणी गावातल्या चार बायका करतात. भाजी विकली गेली नाही तरी त्यांची मजुरी शनिवारी होते.*

*भाव महिन्याच्या एक तारखेला कळवतो. महिनाभर तो बदलत नाही.*

*भाजी खराब निघाली तर फोटो पाठवा. पुढच्या पिशवीत तेवढे पैसे वळते करतो.*

*शेतावर कधीही या. खत-फवारणीची वही ओट्यावर ठेवलेली असते.*

*१ डिसेंबर २०२४*

बांधालगतच्या ओळींचं ते वाक्य पाहा. शेजाऱ्याला दोष न देता त्यात धोका सांगितला आहे, आणि त्या धोक्यापायी आपण काय सोडतो तेही सांगितलं आहे. त्या ओळींची भाजी वाड्याच्या बाजारात साधी भाजी म्हणून जाते. ‘आम्ही पूर्ण काळजी घेतो’ या वाक्यानं जे झालं नसतं ते चार ओळींनी झालं. तुमच्या शेताला असं एक वाक्य शोधा: कुठे धोका आहे आणि तो टाळायला तुम्ही नेमकं काय गमावता.

बियाण्याच्या वाक्यावर घरात वाद झाला. ‘बुरशीनाशक लावलेलं असतं’ हे आपणच कशाला सांगायचं? माझं म्हणणं होतं, आजींनी ते आधीच सांगितलंय. जे गिऱ्हाईक शेती जाणतं ते हे शोधून काढणारच, आणि मग बाकीची सगळी वाक्यं त्याच्या लेखी खोटी ठरणार.

सहावी पायरी: जे काम करतात त्यांना वाचून दाखवा

छापण्याआधी मी मसुदा शेतावर मोठ्यानं वाचला. तोडणीच्या बायका ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. तेव्हा मसुद्यात वाक्य होतं, ‘पालेभाजी आम्ही पहाटे दंवात तोडतो.’ कानाला गोड होतं. त्यातली वयानं मोठी बाई जुडी तशीच हातात धरून म्हणाली, “पहाटे कुठं ताई? टेंपो चारला निघतो. पालेभाजी आम्ही सांच्यालाच तोडतो. ओल्या फडक्यात ठेवतो रातभर.”

मी ते वाक्य कुणालाही न विचारता लिहिलं होतं. शहरातल्या माणसाच्या डोक्यातलं शेत तसंच असतं, दंवाचं. खरं वाक्य जास्त उपयोगाचं निघालं. संध्याकाळी पाचनंतर तोडलेली मेथी दुसऱ्या दिवशी टिकते की नाही हे गिऱ्हाइकाला आपल्या फ्रिजमध्येच कळतं. ओल्या फडक्याचं आम्ही आता ग्रुपवर सांगतो, घरीही तसंच ठेवा म्हणून.

मजुरीचं वाक्यही याच बैठकीत पक्कं झालं. आधी ‘मजुरांना योग्य मोबदला देतो’ असं होतं. योग्य म्हणजे किती, ते कोण ठरवणार? बायकांनीच सांगितलं की त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वार आहे, शनिवार, कारण रविवारी बाजार असतो. वार लिहिला. एखाद्या शनिवारी मजुरी चुकली तर त्याच बायका बोट ठेवतील, म्हणून ते वाक्य खरं आहे.

दुसरं वाचन सोसायटीत. तीन गिऱ्हाइकांना कागद दिला, एकदाच वाचायला सांगितला, परत घेतला आणि काय आठवतं ते विचारलं. तिघांनाही बांधालगतच्या न विकलेल्या ओळी आणि टोमॅटो आठवले. खताचं वाक्य एकालाच. ‘गटात नोंदणी झालेली असून प्रमाणीकरणाची प्रक्रिया सुरू आहे’ अशी तेव्हाची ओळ कुणालाच कळली नव्हती. तिथे ‘अजून प्रमाणित नाही’ हे सरळ शब्द आले. जे वाक्य आठवत नाही त्यात बहुतेक वेळा विशेषण उरलेलं असतं किंवा क्रियापद दमलेलं असतं. मोठ्यानं वाचताना श्वास पुरला नाही, तर तिथे पूर्णविराम हवा.

इंग्रजी किंवा हिंदी रूप हवं असेल तर मराठी पक्कं झाल्यावर करा. उलट केलं तर ‘च्या माध्यमातून’ परत घुसतं.

कुठे लावायचा, कधी बदलायचा

ध्येयवाक्य पिशवीवर छापलं. जाहीरनामा एका पानावर, पहिल्या पिशवीबरोबर प्रत्येक नव्या घरात जातो, आणि तोच मोठ्या अक्षरात शेताच्या ओट्यावर लावलाय. कागद दोन्हीकडे एकच हवा. शहरात एक आणि शेतावर एक असं झालं की कामगारांना शब्द माहीत नसतो आणि गिऱ्हाइकाला काम माहीत नसतं.

दरवर्षी दिवाळीनंतर, हिवाळी भाजी लावून झाली की, वही आणि जाहीरनामा शेजारी ठेवून एकेक वाक्य तपासायचं. जे वाक्य वर्षभरात मोडलं ते गुपचूप काढायचं नाही. नव्या कागदावर खाली लिहायचं की हे मोडलं, या महिन्यात, या कारणानं. बहिणीचा मे महिन्याचा भाव एकदा बदलावा लागला, टँकर आणावा लागला म्हणून. ते तसंच लिहिलं. दोन घरं त्यावर फोन करून बोलली, कुणी पिशवी बंद केली नाही.

भेंडीचं वाक्य २०२५ च्या दिवाळीनंतर बदललं. संकरित भेंडीचं बी राखून उपयोग नसतो, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून तिनं ‘परभणी क्रांती’ हे सरळ, म्हणजे बी राखता येईल असं वाण लावलं. चांगल्या आठ-दहा झाडांवरच्या शेंगा तोडल्या नाहीत, झाडावरच वाळू दिल्या, आणि बी राखेत घोळून डब्यात भरलं. आता तिथे लिहिलंय: ‘भेंडीचं बी आमचं आहे. मिरचीचं अजून विकतचं, गुलाबी.’